मजकूर न बदलता लग्नपत्रिकेतील फक्त चुका काढायच्या असतील तर

प्रश्न: आम्ही इंदूरला राहतो. मोठ्या मुलाची लग्नपत्रिका मराठीत छापायची आहे. मजकूर दोन्ही घरांनी मान्य केला आहे, त्यात कोणालाही बदल नको. फक्त शुद्धलेखन आणि व्याकरणाच्या चुका काढून हव्या आहेत. प्रेसमधला ऑपरेटर हिंदीभाषक आहे. तो म्हणतो, ‘सौ.’च्या जागी सगळीकडे ‘श्रीमती’ केलं तर छान दिसेल. काय तपासावं आणि कसं? मजकूर असा आहे (आडनावं आणि कार्यालयाचं नाव गाळलं आहे):

> ॥ श्री गजानन प्रसन्न ॥
> सप्रेम नमस्कार वि. वि. आमचे येथे श्रीकृपेकरुन आमचे जेष्ठ चिरंजीव अमेय याचा शुभविवाह देवास येथील श्री. व सौ. … यांची कनिष्ठ कन्या चि. सौ. कां. रेणुका हिच्याशी मिती माघ वध्य दशमी शके १९४८, गुरूवार, दि. १२ फेब्रुवारी २०२६ रोजी सकाळी ११ वाजून ४२ मिनीटांनी या शुभमुहुर्तावर करण्याचे योजिला आहे. तरी आपण सहकुटूंब सहपरिवार उपस्थीत राहुन वधुवरास शुभाशिर्वाद द्यावे ही नम्र विनंती.
> सिमांत पुजन: बुधवार, दि. ११ फेब्रुवारी, सायंकाळी ६ वाजता
> प्रितीभोजन: गुरूवार, सायंकाळी ७ ते १० पर्यंत
> दुसर्या दिवशी सत्यनारायणाची पुजा
> कृपया आहेर स्विकारला जाणार नाही.
> स्थळ: …, इंदौर

उत्तर:

सर्वांत आधी ‘श्रीमती’चं. ऑपरेटरला आजच फोन करून सांगा की ‘सौ.’ला हात लावायचा नाही. हिंदीत कोणत्याही विवाहित बाईंच्या नावामागे श्रीमती लावतात, त्यामुळे त्याचं म्हणणं त्याच्या भाषेत बरोबर आहे. मराठी पत्रिकेत मात्र पती हयात असलेल्या बाईंना ‘सौ.’ आणि पती नसलेल्या बाईंना ‘श्रीमती’ लिहिण्याची रीत आहे. ही रीत असावी की नसावी यावर घरात जरूर वाद घाला, पण पत्रिका हातात घेणारे आजी-आजोबा ती तशीच वाचणार. ‘श्री. व श्रीमती’ असं छापून आलं तर शुद्धलेखनाची एकही चूक नसताना मांडवात कुजबुज होईल. दिवंगतांच्या नावामागचं ‘कै.’ काढून ‘स्व.’ करण्याची सवयही तशीच. त्याने अर्थ बिघडत नाही, पण मजकूर बदलायचा नाही असं ठरलं असेल तर तेही जसंच्या तसं राहू द्यावं.

आता तपासणी. फक्त चुका काढायच्या असतात तेव्हा हातात तीन वेगळे कागद असल्यासारखं काम करावं. पहिल्यावर निखळ चुका, ज्या कोणालाही न विचारता दुरुस्त करायच्या. दुसऱ्यावर शंका, म्हणजे ज्या गोष्टी भाषेच्या नसून माहितीच्या आहेत आणि घरच्यांनीच ठरवायच्या आहेत. तिसऱ्यावर, ज्या चुकीच्या वाटतात पण नाहीत अशा गोष्टी. पत्रिका बिघडते ती बहुतेक वेळा या तिसऱ्या कागदाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. एखादे उत्साही काका ‘आमचे येथे’चं ‘आमच्याकडे’ करतात, मग ‘योजिले’चं ‘आयोजित केले’ होतं, आणि शेवटी मान्य झालेला मजकूर बाजूलाच राहतो.

तुमच्या मजकुरातल्या चुका बहुतांशी ऱ्हस्व-दीर्घाच्या आहेत. त्या सुट्या सुट्या पाठ करण्यापेक्षा त्यांचे गट ओळखले की पाकिटावरचा आणि निमंत्रकांच्या यादीतला मजकूरही तुम्हाला तपासता येईल. आधार मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांचा घ्यावा. १९६२ साली १४ नियम ठरले, १९७२ साली त्यात ४ नियमांची भर पडली, आणि आजही छपाईत तेच १८ नियम चालतात.

पहिला गट ‘ऊन’चा. करून, राहून, येऊन, देऊन, म्हणून, पासून, कडून, यांतला ‘ऊ’ नेहमी दीर्घ. म्हणून ‘श्रीकृपेकरून’ आणि ‘उपस्थित राहून’. इथे अपवादच नाही, त्यामुळे हा गट डोळे मिटून दुरुस्त करता येतो. ‘येवून’, ‘देवून’ ही रूपंही याच दाराने आत येतात. तीही चूकच.

दुसरा गट जोडशब्दांचा, आणि पत्रिकेत खरी गंमत इथे आहे. संस्कृतातून आलेला जो शब्द मुळात ऱ्हस्वान्त आहे तो मराठीत एकटा आला की शेवट दीर्घ होतो: गुरू, शनी, रवी, प्रीती, तिथी. तोच शब्द समासात पहिला आला की मूळचा ऱ्हस्व परत येतो: गुरुवार, शनिवार, रविवार, प्रीतिभोजन. म्हणून तुमचा ‘गुरूवार’ दोन्ही ठिकाणी ‘गुरुवार’ होईल. ‘प्रितीभोजन’मध्ये तर दोन्ही वेलांट्यांची अदलाबदल झाली आहे. ‘प्री’ मुळातच दीर्घ असल्याने तो दीर्घच हवा, आणि ‘ति’ समासात असल्याने ऱ्हस्व.

हा नियम नवाच शिकलेला माणूस पुढच्या पायरीवर हमखास घसरतो. तो म्हणतो, गुरुवार तसं वधुवर. पण ‘वधू’ हा शब्द संस्कृतातच दीर्घ आहे. परत जायला त्याच्याकडे ऱ्हस्व रूपच नाही. म्हणून ‘वधूवर’, ‘वधूपिता’, ‘वधूपक्ष’ सगळे दीर्घ. ‘लक्ष्मीपूजन’मधली ‘क्ष्मी’ दीर्घ राहते तीही याच कारणाने. गावोगावच्या पत्रिकांत ‘वधुवर’ इतक्या वेळा दिसतो की बरोबर रूप छापलं तरी कोणीतरी प्रूफावर गोल करून पाठवणार. त्याला हे कारण सांगा.

तिसरा गट संस्कृत शब्दांच्या मधल्या अक्षरांचा. मुहूर्त, पूजा, पूजन, सीमांत, स्वीकार, आशीर्वाद हे शब्द संस्कृतात जसे आहेत तसेच लिहायचे. मराठी शब्दांची सवय इथे फसवते. ‘बहीण’ला प्रत्यय लागला की ‘बहिणीचा’ होतो, ‘मूल’चं ‘मुलाचा’ होतं, म्हणून ‘मुहूर्त’ला ‘वर’ लागल्यावर ‘मुहुर्तावर’ होत असेल असं वाटतं. होत नाही. संस्कृत शब्द प्रत्यय लागला तरी हलत नाही: शुभमुहूर्तावर, स्वीकारला, पूजेला.

‘आशीर्वाद’ हा या गटातला सर्वांत जास्त चुकणारा शब्द, आणि तो चुकण्याला कारण आहे. पुढे ‘र्वा’ हे जोडाक्षर आल्याने बोलताना ‘शी’ आखूड होते. शिवाय ‘शुभाशिष’ हा दुसरा शब्द डोळ्यांसमोर असतो, त्यात ‘शि’ ऱ्हस्व आहे. दोघांचं मूळ एकच असलं तरी ‘वाद’ जोडताना संस्कृतात तिथे दीर्घ होतो. तेव्हा आशीर्वाद, शुभाशीर्वाद. पत्रिकेत एकच शब्द तपासायला वेळ असेल तर हाच तपासावा, कारण तो बहुधा मोठ्या अक्षरात असतो.

उरलेले पटकन पाहू. ‘जेष्ठ’ नव्हे, ‘ज्येष्ठ’, मग मुलगा असो वा महिना. ‘मिनीटांनी’ नव्हे, ‘मिनिटांनी’. ‘सहकुटूंब’ नव्हे, ‘सहकुटुंब’. मात्र ‘समस्त … कुटुंबीय’ असं लिहिलं तर त्यातली ‘बी’ दीर्घ. ‘उपस्थीत’ नव्हे, ‘उपस्थित’, पण ‘आपली उपस्थिती’ लिहिलं तर शेवटची ‘ती’ दीर्घ. ‘विनीत’ सगळीकडे दीर्घ, ‘विनित’ चुकीचा.

‘सिमांत पुजन’चं ‘सीमांतपूजन’ होईल, जोडून. इथे एका वेगळ्याच घसरगुंडीकडे लक्ष ठेवा. कोणी ‘सीमांत’मधला काना खाल्ला आणि ‘सीमंत’ झालं, तर तो गर्भवतीच्या संस्काराचा, सीमंतोन्नयनाचा शब्द होतो. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी तो छापणं बरं नव्हे. काही घरांत या विधीला ‘श्रीमंतपूजन’ म्हणतात. तुमच्या मजकुरात तसं असतं तर ते मी बदललं नसतं. अशीच जोडी ‘ग्रहमख’ आणि ‘गृहप्रवेश’ यांची आहे. ग्रहांच्या शांतीचा तो ग्रहमख, घरात पाऊल ठेवण्याचा तो गृहप्रवेश. पुढे-मागे तेही कार्यक्रमात घालणार असाल तर ‘ग्र’ आणि ‘गृ’ नीट पाहा.

आता एका अक्षराकडे जवळून पाहू: ‘माघ वध्य दशमी’. कृष्ण पक्षाला मराठीत ‘वद्य’ म्हणतात. त्यात द आणि य यांचं जोडाक्षर आहे. तुमच्याकडे ध आणि य यांचं झालं आहे. ‘वध्य’ म्हणजे ठार मारण्याजोगा. नक्षीदार फॉन्टमध्ये आणि लहान टायपात ‘द्य’ आणि ‘ध्य’ इतके सारखे दिसतात की वाचणारा नेमका तिथूनच पुढे सरकतो. संगणकाचा शब्दतपासनीसही गप्प बसतो, कारण ‘वध्य’ हा शब्द कोशात आहे. उलट बाजूची जोडी ‘शुद्ध’ आणि ‘शुध्द’. आधी द मग ध हे बरोबर, आधी ध मग द चूक. ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे पडद्यावर अक्षर भरपूर मोठं करून बघणं, किंवा तो शब्द साध्या फॉन्टमध्ये बदलून पाहणं. मंगलसारख्या साध्या फॉन्टमध्ये दोन्ही जोड्या लगेच वेगळ्या दिसतात.

शुद्धलेखन संपलं, आता व्याकरण. तुमचं मुख्य वाक्य लांब आहे, पण पत्रिकेचं वाक्य लांबच असतं. ते तोडायला जाऊ नका. फक्त कर्ता, क्रियापद आणि सर्वनामं यांच्यावर पेन्सिलीने खूण करा आणि मधला मजकूर झाकून वाचा. ‘शुभविवाह … करण्याचे योजिला आहे’ असं उरतं. चूक तिथेच दिसते. ‘करण्याचे’ आलं की ‘योजिले आहे’ हवं. ‘योजिला’ ठेवायचं असेल तर ‘करण्याचे’ काढून ‘शुभविवाह योजिला आहे’ करावं लागेल. मजकूर कमीत कमी हलवायचा म्हणून पहिला पर्याय घ्यायचा, एका अक्षराचा.

याच पद्धतीने ‘आमचे … चिरंजीव अमेय याचा’ पाहा. ‘आमचे’ आदरार्थी आहे, ‘याचा’ एकवचनी आहे. एकाच मुलाला एका ओळीत अहो आणि अरे झालं. दुरुस्ती दोन प्रकारे होते: ‘आमचे … यांचा’ किंवा ‘आमचा … याचा’. पुढे सुनेसाठी ‘हिच्याशी’ आहे, म्हणून ‘आमचा … याचा … हिच्याशी’ ठेवावं. आईवडील आपल्या मुलाबद्दल असंच बोलतात, आणि वरापुरता आदर व वधूला एकेरी अशी विषमताही राहत नाही. ‘यांचा’ निवडलंत तर ‘हिच्याशी’ही ‘यांच्याशी’ करावं लागेल. ‘आमचे येथे’मधला ‘आमचे’ मात्र वेगळा. ते जुन्या वळणाचं रूप आहे, चुकलेलं नाही. बदलू नका.

‘याचा’ आणि ‘यांचा’ यांत फक्त एका टिंबाचा फरक आहे, आणि पत्रिकेत सर्वांत जास्त हरवतं ते टिंबच. ‘श्री. व सौ. … याची कन्या’ असं छापून आलं तर व्याह्यांचा अपमान होतो. म्हणून निमंत्रकांच्या यादीपर्यंत प्रत्येक यांचा, यांची, यांचे, यांच्या यावर बोट ठेवून टिंब पाहा. ‘वधुवरास’मध्येही टिंब गेलं आहे. वधू आणि वर दोघं आहेत, म्हणून ‘वधूवरांस’. या एका शब्दात दोन चुका होत्या, आणि धू सुधारली की डोळा समाधानाने पुढे जातो, टिंब राहूनच जातं. एक चूक सापडलेला शब्द म्हणून पुन्हा वाचावा.

जुन्या पत्रिकेवरून मजकूर उतरवला असेल तर उलटं घडतं, नको ती टिंबं येतात: ‘आमचें येथें’, ‘करण्याचें’. ती १९६२च्या नियमांनी गेली. असतील तर काढा.

‘११ वाजून ४२ मिनिटांनी या शुभमुहूर्तावर’ ही ओळ शेकडो पत्रिकांत असते, तरी ती जुळत नाही. ‘मिनिटांनी’तल्या ‘नी’ने केव्हा ते सांगून झालं. मग ‘या’ कोणाकडे बोट दाखवतो? ‘या’ काढा आणि स्वल्पविराम द्या: ‘११ वाजून ४२ मिनिटांनी, शुभमुहूर्तावर’. आकडे हलत नाहीत, शब्द हलत नाहीत. ‘७ ते १० पर्यंत’मध्ये ‘ते’ आणि ‘पर्यंत’ एकच काम करतात, ‘७ ते १०’ पुरे. ‘कृपया आहेर स्वीकारला जाणार नाही’ हे वाक्यही असंच आहे. ‘कृपया’ विनंतीला लागतो, आणि इथे विनंतीच नाही, नुसती माहिती आहे. ‘कृपया’ काढला की वाक्य बरोबर होतं, पण थोडं कोरडं वाटतं. ‘कृपया आहेर आणू नये’ जास्त गोड आहे. पण तो मजकुराचा बदल झाला, तो तुम्ही घरी विचारून करा. मी चुकीपुरता ‘कृपया’ काढला आहे. ‘आणू’ घ्यायचं ठरलं तर ‘णू’ दीर्घ.

तिसऱ्या कागदावर, म्हणजे चुकीच्या वाटणाऱ्या पण बरोबर असलेल्या गोष्टींत, ‘आमचे येथे’शिवाय आणखी तीन आहेत. ‘शुभाशीर्वाद द्यावे’चं कोणीतरी ‘द्यावेत’ करायला सांगेल. आशीर्वाद अनेक असतील तर दोन्ही रूपं चालतात, तुमचं आहे ते ठेवा. ‘वि. वि.’ म्हणजे विनंती विशेष, आणि शेवटी पुन्हा ‘नम्र विनंती’ येते म्हणून ती द्विरुक्ती धरून कोणी काढायला सांगेल. ती पत्रलेखनाची जुनी चाल आहे, राहू द्या. ‘श्री.’पुढचं टिंब हवं की नको यावर दोन मतं आहेत. गजाननामागचा ‘श्री’ बिनटिंबाचा आणि माणसांच्या नावामागचा टिंबाचा ही तुमच्या मजकुरातली विभागणी चांगली आहे. ती शेवटच्या नावापर्यंत सारखी राहिली म्हणजे झालं.

आता शंकांचा कागद, आणि त्यावर पहिली ओळ शके १९४८ची. ही भाषेची चूक नाही म्हणून तपासणाऱ्याने गप्प बसावं असं नाही. त्याने ती परस्पर बदलू नये, पण सांगावी जरूर. इसवी सनातून ७८ वजा केले की शक येतो, हे अनेकांना पाठ असतं. पण ते गुढीपाडव्यानंतर. जानेवारीपासून पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत ७९ वजा करावे लागतात. २०२६चा पाडवा १९ मार्चला आहे, तुमचा मुहूर्त १२ फेब्रुवारीचा. म्हणजे शके १९४७. गुरुजींकडून एकदा खात्री करून घ्या.

दुसरी शंका इंदूरमध्येच येते, पुण्यात येत नाही. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या हिंदी पंचांगातला पौर्णिमेला. शुक्ल पक्षात दोघांचं जमतं, कृष्ण पक्षात हिंदी महिन्याचं नाव एकाने पुढे जातं. महाशिवरात्र आपली माघ वद्य चतुर्दशीला, शेजाऱ्यांची फाल्गुन कृष्ण चतुर्दशीला, आणि दिवस एकच. तुमची तिथी वद्य पक्षातली आहे. प्रेसवाल्याने भिंतीवरचं कॅलेंडर पाहून ‘माघ’चं ‘फाल्गुन’ केलं, किंवा पत्रिकेची हिंदी आवृत्ती तयार करताना ‘माघ’ तसाच ठेवला, तर दोन्हीकडे गोंधळ. मराठीत ‘माघ वद्य दशमी’, हिंदीत ‘फाल्गुन कृष्ण दशमी’, असं कागदावर लिहूनच त्याच्या हाती द्या. वारही पाहून ठेवा: १२ फेब्रुवारी २०२६ ला गुरुवारच आहे आणि ११ ला बुधवार, ते बरोबर आहे.

तिसरी शंका नावांची. शुद्धलेखनाचे नियम नावांवर चालवू नयेत, नाव ज्याचं त्याने जसं लिहिलं तसं. पण मध्य प्रदेशात अडचण अशी की शाळेच्या दाखल्यावर आणि आधार कार्डावर नाव हिंदी वळणाने असतं: अदिति, श्रुति. मराठी पत्रिकेत अदिती, श्रुती होतात. कोणतं छापायचं ते त्या त्या घराला विचारा. आडनावांत ‘ळ’ पाहा. हिंदी टाइप करणाऱ्या हाताला ‘ल’ची सवय असते, मग काळ्यांचे काले आणि मुळ्यांचे ‘मुले’ होतात. ‘मुले’ हा शब्द खराच असल्याने कोणताही तपासनीस तो पकडणार नाही. उलट गोखल्यांत ‘ल’च असतो, तिथे उत्साहाने ‘ळ’ करू नका. वारांचंही तसंच: मराठीत ‘मंगळवार’ आणि ‘मंगळसूत्र’, पण ‘मंगलाष्टका’ आणि ‘मंगल कार्यालय’.

गावाचं नाव मराठी वळणाने लिहावं: इंदूर, ग्वाल्हेर, भोपाळ, जबलपूर. ‘पूर’ गावाच्या नावाला लागला की दीर्घ. कार्यालयाचं नाव मात्र त्याच्या पाटीवर जसं हिंदीत आहे तसंच ठेवा. पाहुणे ती पाटी शोधत येणार आहेत.

म्हणजे दुरुस्त मजकूर असा झाला. शकाचा आकडा शंकेत आहे, म्हणून तो चौकटी कंसात ठेवला आहे.

> ॥ श्री गजानन प्रसन्न ॥
> सप्रेम नमस्कार वि. वि. आमचे येथे श्रीकृपेकरून आमचा ज्येष्ठ चिरंजीव अमेय याचा शुभविवाह देवास येथील श्री. व सौ. … यांची कनिष्ठ कन्या चि. सौ. कां. रेणुका हिच्याशी मिती माघ वद्य दशमी शके [१९४७], गुरुवार, दि. १२ फेब्रुवारी २०२६ रोजी सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांनी, शुभमुहूर्तावर करण्याचे योजिले आहे. तरी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावे ही नम्र विनंती.
> सीमांतपूजन: बुधवार, दि. ११ फेब्रुवारी, सायंकाळी ६ वाजता
> प्रीतिभोजन: गुरुवार, सायंकाळी ७ ते १०
> दुसऱ्या दिवशी सत्यनारायणाची पूजा
> आहेर स्वीकारला जाणार नाही.
> स्थळ: …, इंदूर

आता हा मजकूर प्रेसमध्ये गेल्यावर काय होतं ते पाहू, कारण बरोबर पाठवलेली पत्रिका चुकीची छापून येण्याची जागा तीच आहे. तुम्ही मोबाइलवरून युनिकोडमध्ये मजकूर पाठवता. पुष्कळ ठिकाणी ऑपरेटर तो कन्व्हर्टरमधून कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात नेतो, नाहीतर समोर ठेवून पुन्हा टाइप करतो. दोन्हींत सर्वांत आधी पडतो तो ‘दुसऱ्या’मधला आडवा र. हिंदीत तो लागत नाही, म्हणून त्याच्या बोटांत फक्त रफार असतो आणि ‘दुसर्या’ होतं. तुमच्या मजकुरात नेमकं तेच झालं आहे. युनिकोडमध्ये तो ऱ, हलन्त आणि य असा टाइप करतात. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ऱ हा Shift+J वर आहे. काही सजावटी फॉन्टमध्ये ही आकृतीच नसते, तिथे कितीही बरोबर टाइप केलं तरी चौकोन किंवा सुटा हलन्त दिसतो. अशा वेळी त्या ओळीपुरता फॉन्ट बदला. शब्द बदलू नका.

‘वाङ्निश्चय’ छापणार असाल तर तिथेही तोच धोका. ङ न सापडल्याने ऑपरेटर ड घालून मोकळा होतो. ‘नमः’मधल्या विसर्गाच्या जागी कळफलकावरचा साधा अपूर्णविराम येतो. तो अक्षरापासून सुटा पडलेला दिसतो, त्यावरून ओळखावा. ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी वळणं आली तर डोळ्याला खटकतील, पण ती चूक नव्हे, आवडीचा भाग आहे. मराठी वळणाचा फॉन्ट त्याच्याकडे असेल तर मागा, नसेल तर त्यावर वेळ घालवू नका.

प्रूफ मोबाइलच्या पडद्यावर मंजूर करू नये. खऱ्या आकारात कागदावर काढून मागावं. वाचायला दोन माणसं बसवा. एकाने दुरुस्त मजकूर हातात धरून मोठ्याने वाचायचं, टिंबं, वेलांट्या आणि विरामचिन्हंसुद्धा उच्चारून: ‘वधूवरांस, धू दीर्घ, रां वर टिंब’. दुसऱ्याने प्रूफावर बोट ठेवायचं. दोघांपैकी निदान एकाने तो मजकूर आधी पाहिलेला नसावा, कारण लिहिणाऱ्याच्या डोळ्याला जे लिहायचं होतं तेच दिसतं. मग आकडे वेगळे वाचा: तारखा, वेळा, मोबाइल क्रमांक. शेवटी ओळी कुठे तुटल्या ते पाहा. ‘चि. सौ. कां.’ एका ओळीच्या शेवटी आणि नाव दुसरीच्या सुरुवातीला गेलं तर नजर अडखळते. तिथे ऑपरेटरला ओळ सरकवायला सांगा.

दुरुस्त्या फोनवर सांगू नका. ‘शी दीर्घ’ सांगितलेलं त्याच्या कानाला ‘श्री’ ऐकू येऊ शकतं. प्रूफावर लाल शाईने खूण करून कागदाच्या कडेच्या समासात पूर्ण शब्द पुन्हा लिहा, नुसती वेलांटी नको. दुरुस्त प्रूफ आलं की फक्त त्या खुणा न पाहता आजूबाजूच्या दोन-दोन ओळी वाचा. एका ठिकाणची दुरुस्ती करताना शेजारचा शब्द खाल्ला जाणं नेहमीचं आहे.

सगळं जमलं की ऑपरेटर अक्षरांचे ‘कर्व्ह’ करतो, म्हणजे फॉन्टचं अक्षर चित्र होऊन जातं. यानंतर दुरुस्ती म्हणजे ती ओळ पुन्हा टाइप करणं. तेव्हा कर्व्ह करण्याआधीची फाइल वेगळ्या नावाने ठेवायला सांगा, आणि कर्व्ह झालेल्या पीडीएफचा एक कागद काढून त्याच्यावरच सही करा. जुने फॉन्ट दुसऱ्या संगणकावर उघडले की बदलतात, त्यामुळे आधीचं प्रूफ बरोबर असणं पुरेसं नाही. व्हॉट्सॅपवर पाठवायचं चित्रही याच अंतिम फाइलमधून काढून घ्या. ते बहुधा कच्च्या फाइलवरून घाईने केलेलं असतं, आणि छापील पत्रिकेत सुधारलेला ‘शुभाशिर्वाद’ त्यात तसाच राहिलेला सापडतो.